भरवशाचं माणूस आधी थकतं: बोर्डवर न दिसणारं काम कसं मोजायचं आणि कसं कमी करायचं

प्रश्न: माझी सॉफ्टवेअर टीम दहा जणांची होती. सहा महिन्यांत दोन चांगली माणसं सोडून गेली, दोघांनीही ‘वैयक्तिक कारण’ सांगितलं. आता आठ जणांत जी सगळ्यात भरवशाची सीनियर आहे ती शांत शांत झाली आहे. टीमची कामं ज्यावर मांडतो त्या बोर्डवर तिच्याकडे इतरांइतकंच काम दिसतं. विचारलं तर ‘ठीक आहे’ म्हणते. हे बर्नआउट आहे का, हे कसं ओळखायचं? आणि डेडलाइन वरून ठरतात, मग माझ्या हातात काय आहे?

उत्तर:

आधी बोर्ड बाजूला ठेवा. अनुभवी माणसाला जे काम थकवतं, ते बहुतेक वेळा बोर्डवर लिहिलेलंच नसतं. दुसऱ्यांच्या कोडचे रिव्ह्यू, ‘तू फक्त कॉलवर बस, काही अडलं तर बोल’ म्हणून घेतलेले ग्राहकाचे कॉल, नव्या मुलांचे प्रश्न, मुलाखती, रात्री सिस्टीम बिघडल्याचा अलर्ट वाजल्यावर ज्याची पाळी आहे त्याने आधी तिलाच केलेला फोन. या कशाचंही कार्ड बनत नाही. दोन माणसं गेली तेव्हा त्यांची कार्डं तुम्ही मीटिंगमध्ये बसून वाटली असतील. त्यांची ही न लिहिलेली कामं मात्र कोणी वाटली नाहीत. ती आपोआप ज्याला सगळ्यात जास्त माहिती आहे त्याच्याकडे चालत गेली. तुमच्या टीममध्ये ती व्यक्ती कोण, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

‘बर्नआउट’ हा शब्द हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली मोफत दवाखान्यांत काम करणाऱ्यांबद्दल लिहिताना वापरला. कामाला वाहून घेतलेली, मनापासून झटणारी माणसंच यात आधी सापडतात, हे त्याने तेव्हाच नोंदवलं होतं. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी त्याचे तीन भाग वेगळे करून दाखवले आणि १९८१ मध्ये ते मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. पहिला भाग म्हणजे शक्ती संपून जाणं. दुसरा म्हणजे कामापासून आणि माणसांपासून मनाने लांब जाणं, ‘मला काय त्याचं’ असा कडवटपणा येणं. तिसरा म्हणजे आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत याच तीन गोष्टी धरल्या. शिवाय हा आजार नसून कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या, न सुटलेल्या ताणाचा परिणाम आहे, असंही स्पष्ट लिहिलं.

मॅनेजर म्हणून यातलं काय डोळ्यांना दिसतं, हा तुमचा खरा प्रश्न. थकवा चांगली माणसं बेमालूम लपवतात. काम वेळेवर येत राहतं, त्यामुळे पहिल्या भागावर नजर ठेवून बसलात तर उशीर होतो. तिसरा भाग ती स्वतःशीच ठेवतात, फार तर एखाद्या मूल्यमापनाच्या वेळी ‘यंदा मी काही विशेष केलं नाही’ असं बोलून जातात. (असं वाक्य वर्षभर घर सांभाळल्यासारखी टीम सांभाळणाऱ्या माणसाकडून आलं, तर तो विनय समजून सोडून देऊ नका.) कामाच्या जागी सगळ्यात आधी दिसतो तो दुसरा भाग, मन लांब जाणं. आणि तो दिसतो तो वाद घालणं बंद होण्यातून.

हे जरा जवळून पाहू. माझ्या एका टीममध्ये अशीच एक सीनियर होती. तिच्या रिव्ह्यूतल्या टिप्पण्या हा टीमचा अभ्यासक्रमच होता म्हणा ना: ‘इथे टाइमआउट आला तर पैसे दोनदा कापले जातील, आधी विनंतीचा क्रमांक साठवा आणि मग पाठवा’ अशा चार-पाच ओळी असायच्या. मग हळूहळू त्या दोन ओळींच्या झाल्या, नंतर नुसतं ‘ठीक आहे’. चुका कमी झाल्या होत्या म्हणून नव्हे. त्याच सुमारास नियोजनाच्या मीटिंगमध्ये एक अशक्य तारीख पुढे आली. पूर्वी तिने तिथल्या तिथे हिशोब मांडून ती पाडली असती. या वेळी ती म्हणाली, ‘चालेल, करू या.’ बाकीच्यांना बरं वाटलं, मीटिंग लवकर संपली. मला तिचं ते ‘चालेल’ खटकलं, कारण ज्या माणसाला एखादी गोष्ट नीट व्हावी असं वाटतं ते माणूस भांडतं. भांडण संपलं, म्हणजे अपेक्षाच संपल्या.

तेव्हा तुलना करायची ती तिची तिच्याशीच, तिचं सहा महिन्यांपूर्वीचं वागणं आणि आत्ताचं. मुळात कमी बोलणारं माणूस गप्प असेल तर त्यात काही नाही. बोलकं माणूस गप्प झालं तर आहे. पुढच्या तिमाहीबद्दल बोलताना ‘आपण’ जाऊन ‘तुम्ही लोक’ येतं का, पाहा. रजा अजिबात घेतली जात नाही, किंवा अधूनमधून एकेका दिवसाची, आयत्या वेळची रजा वाढते, हेही पाहा. एक उशिराची खूणही आहे: कोणी न सांगता, एकदम नीटनेटकी हस्तांतराची टिपणं लिहायला सुरुवात होणं. तोवर बहुतेकदा निर्णय झालेला असतो.

साधा थकवा आणि बर्नआउट यातला फरक रजेनंतर कळतो. मोठं रिलीज संपलं, माणूस आठवडाभर रजेवर गेलं आणि ताजंतवानं परतलं, तर तो थकवा होता. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी चेहरा पुन्हा तसाच झाला, तर रजा हा उपाय नाही, कारण ज्या गोष्टीने दमवलं ती जागच्या जागी वाट पाहत बसली होती. कधी कारण घरचं असतं. आजारपण, लहान मूल, परगावचे आईवडील. तेव्हा लक्ष उडतं, पण कामाबद्दल कडवटपणा सहसा येत नाही, आणि विचारल्यावर माणसं बरेचदा सांगतातही. झोप, भूक, घरची माणसं, आवडीच्या गोष्टी या सगळ्यांतूनच मन उडालं असेल, तर ते कदाचित नैराश्य असू शकतं. त्याचं निदान करणं तुमचं-माझं काम नाही. तिथे डॉक्टरकडे जायला सुचवायचं, त्यासाठी रजा आणि मोकळीक द्यायची, आणि त्याबद्दल टीममध्ये अवाक्षर काढायचं नाही.

विचारायचं कसं

‘तू ठीक आहेस ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हे एकच उत्तर आहे. त्यात तिला स्वतःबद्दल कबुली द्यावी लागते, आणि तीही ज्याच्या हातात तिचं मूल्यमापन आहे त्याच्यापुढे. प्रश्न कामाबद्दल विचारा. मी साधारण असं विचारतो: ‘गेल्या महिन्यात कुठलं काम हातात घेताना अगदी जीवावर आलं?’ मग, ‘कुठल्या कामासाठी लोक तुझ्याकडे येतात, जे खरं तर दुसऱ्या कोणाकडे जायला हवं?’ आणि शेवटी, ‘उद्यापासून एक गोष्ट तुझ्याकडून काढायची, तर कुठली?’

या तिसऱ्या प्रश्नाला आलेलं उत्तर तुम्हाला त्याच आठवड्यात अमलात आणता आलं पाहिजे, नाहीतर विचारू नका. ऐकून घेऊन काहीच न करणं हे न विचारण्याहून वाईट, कारण मग ‘सांगून उपयोग नाही’ याचा पुरावाच तिच्या हाती येतो. पहिल्या भेटीत सगळं बाहेर येणार नाही, तेही धरून चाला. दर आठवड्याला अर्धा तास, ठरलेला आणि न चुकवलेला, असं दोन-तीनदा झाल्यावर माणूस बोलतं. त्या अर्ध्या तासात कामाची स्थिती विचारायची नाही.

मोजायचं कसं

आता मुख्य काम. दोन आठवडे सगळ्या टीमने, फक्त तिने नव्हे, रोज संध्याकाळी पाच मिनिटांत लिहायचं की बोर्डवरच्या कार्डांखेरीज वेळ कुठे गेला. अर्ध्या तासाच्या अंदाजाने पुरे. हे कशासाठी चाललंय ते आधीच उघड सांगा: कामं काढून टाकण्यासाठी, कोणाला जोखण्यासाठी नाही. कोण रात्री किती वाजता ऑनलाइन दिसतं हे गुपचूप पाहत बसण्याच्या वाटेला जाऊ नका. लोकांना ते कळतंच, आणि मग रात्रीचं काम दिसणार नाही असं केलं जातं, इतकंच.

वर सांगितलेल्या सीनियरची नोंद दर आठवड्याच्या सरासरीने अशी आली. रिव्ह्यू ८ तास. ‘दोनच मिनिटं आहेत का?’ म्हणून येणारे प्रश्न ७ तास. ग्राहकाचे कॉल ५ तास. नव्या दोघांना शिकवणं ४ तास. अलर्ट आणि त्यांचा पाठपुरावा ४ तास. मुलाखती ३ तास. एकूण ३१ तास. आठवड्याचे ४० तास धरले तर तिच्या स्वतःच्या कार्डांसाठी उरले ९. आणि नियोजनात आम्ही सगळ्यांसाठी एकच आकडा धरत होतो: ४० चे सत्तर टक्के, म्हणजे २८ तास. उरलेले १९ तास कुठून येत होते? रात्री आणि शनिवार-रविवार. म्हणजे बोर्डवर इतरांइतकंच काम असणारी ही बाई आठवड्याला ५९ तास काम करत होती, आणि हे एकाही अहवालात दिसत नव्हतं.

लांबलेल्या तासांचा प्रश्न नुसत्या नाराजीचा नाही, हेही इथेच सांगतो. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा २०२१ चा संयुक्त अंदाज आहे. वरच्यांशी बोलताना हा आकडा हाताशी असू द्या.

काढायचं कसं

‘जरा भार कमी करू या’ असं म्हणून काही कमी होत नाही. एकेका कामाचं नाव घ्यावं लागतं, ते कोणाकडे गेलं किंवा बंद झालं हे सगळ्यांसमोर सांगावं लागतं, आणि कधीपासून तेही. आम्ही केलेले बदल क्रमाने सांगतो.

मुलाखती एका तिमाहीसाठी पूर्ण बंद, ३ तास वाचले. रिव्ह्यूसाठी दोन मधल्या फळीतल्या इंजिनीअरांना मंजुरीचा अधिकार दिला. तिच्याकडे फक्त पैशांच्या व्यवहाराचा भाग राहिला, ८ चे ४ झाले. ग्राहकाच्या नेहमीच्या कॉलला ज्याने ते काम केलं तोच जाईल, तिला फक्त रचनेच्या चर्चेला बोलवायचं, ५ चे २. नव्यांना शिकवण्यासाठी प्रत्येकाला एकेक जोडीदार नेमला, ती आठवड्यातून एक तास त्यांच्याशी बोलेल, ४ चा १. प्रश्नांसाठी दुपारी ठराविक वेळ ठेवली, आणि नियम असा की आधी जोडीदाराला विचारायचं, मग लिहून ठेवलेलं शोधायचं, तरी अडलं तर त्या वेळात तिच्याकडे यायचं. ७ चे ३ झाले. अलर्टचे ४ चे २ कसे झाले ते पुढे येईलच. ३१ चे १२ झाले. म्हणजे ४० तासांत २८ मोकळे.

इथे थांबलो असतो तर नियोजनातले २८ आणि मोकळे २८ असा कागदावर हिशोब चोख बसला असता, आणि महिन्याभरात सगळं मूळ पदावर आलं असतं. याचं कारण रांगांच्या गणितात आहे. कामं अनियमितपणे येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही वेगवेगळा असतो. अशा साध्या रांगेत माणूस ८० टक्के व्यग्र असेल तर नव्या कामाला सरासरी एका कामाला लागणाऱ्या वेळेच्या चौपट थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ टक्क्यांना एकोणीसपट. शेवटच्या पंधरा टक्क्यांत थांबण्याचा वेळ जवळजवळ पाचपट होतो, आणि थांबलेला प्रत्येक माणूस ‘झालं का?’ विचारायला येतो, त्यात आणखी वेळ जातो. म्हणून तिच्या नावावर २८ ऐवजी २० तासांचीच कार्डं ठेवली. उरलेले ८ तास अचानक येणाऱ्या गोष्टींसाठी, आणि काही आलं नाही तर तिला जे नीट करावंसं वाटतं त्यासाठी. ज्या दोघांकडे रिव्ह्यू गेले त्यांचीही कार्डं तेवढ्या तासांनी कमी केली. हे विसरू नका, नाहीतर एकीचं ओझं दोघांवर टाकून तुम्ही पुढच्या दोन राजीनाम्यांची तयारी करता.

सगळं मात्र काढून घेऊ नका. काय ठेवायचं ते तिला निवडू द्या. थकलेल्या माणसाकडून त्याचं आवडतं काम काढलं तर त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटतं. तिने पैशांच्या व्यवहाराचा भाग स्वतःहून ठेवून घेतला, कारण तिथे तिचं मन रमत होतं. जबाबदारीच्या नावाखाली येणारी पण तिच्या अधिकारात नसलेली कामं, म्हणजे दुसऱ्या टीमने दिलेल्या तारखेची ग्राहकाला उत्तरं देणं वगैरे, ती आधी गेली. उत्तरदायित्व आहे पण निर्णय हातात नाही, अशी जागा माणसाला सगळ्यात लवकर जाळते.

अलर्टबद्दल थोडं. रात्री वाजलेला फोन वीस मिनिटांत बंद झाला म्हणजे वीस मिनिटांचं काम, असा हिशोब करू नका. झोप मोडलेली असते, सकाळी मूळ कारण शोधायचं असतं, दुरुस्ती आणि टिपण असतं. गूगलच्या एसआरई, म्हणजे सेवा अखंड चालू ठेवणाऱ्या टीमने जाहीर केलेल्या त्यांच्या पद्धतीत एका घटनेला हे सगळं धरून सुमारे सहा तास लागतात असं मानलं आहे, आणि म्हणूनच बारा तासांच्या एका पाळीत दोनपेक्षा जास्त घटना येऊ नयेत, असा दंडक आहे. तुमच्याकडे तेवढी माणसं नसतील, पण दोन गोष्टी जमतील. ज्या अलर्टवर कोणी कधीच काही करत नाही, फक्त बंद करतं, ते काढून टाकायचे. आणि रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी उशिरा यायचं हा नियम, परवानगी न विचारता. तिच्याकडे येणारे रात्रीचे फोन कमी झाले ते मुख्यतः पाळीवरच्या माणसासाठी पानभर पायऱ्या लिहून ठेवल्याने, आणि ‘दुसरा फोन कोणाला’ ही जागा तिघांत फिरवल्याने.

वर काय सांगायचं

तारखा तुम्ही ठरवत नसाल, पण त्या तारखेला काय काय होईल याची माहिती तुमच्याकडेच आहे. ‘टीम दमली आहे’ असं वर सांगितलं तर सहानुभूती मिळते, तारीख हलत नाही. पर्याय मांडले तर निर्णय घ्यावा लागतो. मी लिहिलेल्या ईमेलचा मजकूर जवळजवळ असा होता:

‘या तिमाहीसाठी पाच कामं ठरली आहेत. टीम दहा जणांची असताना ती ठरली होती, आज आठ जण आहेत. सध्याच्या वेगाने ती पूर्ण होताना दिसतात, कारण काही जण आठवड्याला साठ तासांच्या आसपास काम करत आहेत. हे थांबवतो आहे. चाळीस तासांत तीन कामं पूर्ण होतील. माझी शिफारस पहिली, दुसरी आणि चौथी करण्याची आहे. तिसरं पुढच्या तिमाहीत, पाचवं रद्द. दुसरा पर्याय: पाचही हवी असतील तर तारीख सहा आठवडे पुढे. शुक्रवारपर्यंत वेगळा निर्णय कळवला नाहीत तर पहिल्या पर्यायाप्रमाणे सोमवारपासून काम सुरू करतो.’

शेवटच्या ओळीला महत्त्व आहे. उत्तर न येणं हा वरच्या लोकांचा नेहमीचा प्रतिसाद, आणि एरवी त्याचा अर्थ ‘जुनंच चालू ठेवा’ असा होतो. इथे तो उलटा होतो. (ही ओळ तुमच्या अधिकारात बसते का ते मात्र आधी पाहा. बसत नसेल तर समोरासमोर बसून त्यांच्याकडून तिथेच निर्णय घ्या.) ‘आणखी माणसं देतो’ असं उत्तर आलं तर आभार मानून घ्या, पण कामं कमी करण्याच्या बदल्यात नको. नवं माणूस पहिले दोन-तीन महिने भार वाढवतं. त्याची मुलाखत, त्याचं शिक्षण, त्याचे रिव्ह्यू हे सगळं आत्ता ज्याला वाचवायचंय त्याच्याकडेच जातं.

वरून जे ठरेल ते टीमला त्याच दिवशी सांगा, रद्द झालेल्या कामांच्या नावासकट. ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेलं काम लोकांच्या डोक्यातून जात नाही. रद्द झालेलं जातं.

पुढचे सहा आठवडे

रिकामी झालेली जागा भरून येते. दोन-तीन आठवड्यांत कोणाच्या तरी लक्षात येतं की ती सध्या जरा मोकळी आहे, आणि एखादं ‘छोटंसं’ काम थेट तिच्याकडे जातं. तिला नाही म्हणायची सवय नाही, म्हणूनच ती इथवर आली. तेव्हा नाही म्हणणं काही काळ तुमच्याकडे घ्या: तिच्याकडे नवं काम जाणार असेल तर ते तुमच्यामार्फत जाईल असं बाकीच्या टीमना सांगून ठेवा.

सहा आठवड्यांनी तीच नोंद पुन्हा एक आठवडा ठेवा. आमच्याकडे १२ चे १६ झाले होते, ते प्रश्नांच्या बाजूने वाढले होते, कारण लिहून ठेवलेलं जुनं झालं होतं. ते दुरुस्त केलं. २० च्या वर गेलं असतं तर मी काहीतरी परत काढलं असतं. आकड्यांच्या बरोबरीने माणूस पाहा. थकवा आधी जातो, कडवटपणा सावकाश जातो, त्याला महिने लागतात. भार कमी झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ती जास्त तक्रारी करायला लागली तर घाबरू नका. पुन्हा वाद घालायची ताकद आली आहे, असा त्याचा अर्थ असतो. त्या तक्रारी लिहून घ्या आणि निदान एक लगेच सोडवा.

हे सगळं करूनही काही माणसांत फरक पडत नाही, कारण भार हे एकच कारण नसतं. मॅस्लाक आणि मायकेल लायटर यांनी कामाच्या भाराबरोबर आणखी पाच गोष्टी सांगितल्या आहेत: कामावरचा ताबा, मोबदला आणि दखल, सहकाऱ्यांशी नातं, न्याय, आणि मूल्यं जुळणं. माझ्या अनुभवात भाराखालोखाल न्याय येतो. एकाला बढती मिळाली आणि त्याचं काम दुसऱ्याने ओढलं होतं, अशा ठिकाणी तुम्ही दुसऱ्याचे तास कमी केलेत तर तो आभार मानेल आणि तरीही जाईल. नोंदीत तास ठीक दिसत असतील आणि माणूस कडवट असेल, तर पगार, बढती आणि श्रेय यांचा हिशोब उघडून बसा. तिथे ध्यानाचं सत्र, एखादा अर्धा दिवस सुट्टी किंवा सर्वांसमोर कौतुक या गोष्टी उलट चीड आणतात.

शेवटी, तिने मनाने निर्णय घेतला असेल तर? सरळ विचारा: ‘तू दुसरीकडे पाहते आहेस का? असशील तर मला राग येणार नाही, पण काय बदललं तर थांबशील ते मला कळू दे.’ फक्त पगार वाढवून थांबवू नका. ज्या आठवड्याने तिला इथवर आणलं तो आठवडा तसाच राहिला तर ती काही महिन्यांनी जाईलच. ती गेलीच तर यावेळी तिची कार्डं वाटण्याआधी तिच्याबरोबर बसून न लिहिलेल्या कामांची यादी करा. यादीतली जी कामं बंद केली तरी चालतील ती आधी खोडा, आणि मग उरलेली वाटा. वाटताना ज्याच्याकडे सगळी जाऊ पाहतील त्याचं नाव तुम्हाला आत्ताच माहीत असेल. त्याच्याबरोबरचा तो अर्धा तास याच आठवड्यात ठरवा.

आणि वरून साफ नकार आला, पाचही कामं त्याच तारखेला हवीत असं ठरलं, तर ते टीमपासून लपवू नका. बोर्डबाहेरचं जे काढण्याजोगं आहे ते तरी काढा: मुलाखती, निरुपयोगी अलर्ट, कॉलवर नुसतं बसणं. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, आणि वरच्या हिशोबात मोकळे झालेले सगळे तास बोर्डबाहेरच्या कामांतूनच आले होते.